पहिल्या मेलमध्ये रेफरलचं नाव: ते वाचून रिक्रूटर काय करते?

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला भाच्याने व्हॉट्सॲपवर एका मेलचा स्क्रीनशॉट पाठवला. खाली एकच ओळ: "मावशी, पाठवू का?" मेल खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या रिक्रूटरला जाणार होता. त्यात दोन लांब परिच्छेद स्वतःबद्दल होते, मग "मी मेहनती आहे" वगैरे, आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, "आपल्या कंपनीतील माझे मित्र श्री. अमुक यांनी मला रेफर केले आहे, तरी कृपया विचार व्हावा."

मी उत्तर देण्याआधीच ताईचा फोन. "अगं, त्याला सांग ना, दुसऱ्याचं नाव कशाला लावायचं? वशिल्याचा वाटेल."

दोघांचंही चुकत होतं. भरतीच्या कामात मला अकरा वर्षं झाली. आधी कन्सल्टन्सीत होते, आता एका कंपनीच्या आत आहे. या प्रश्नावर पलीकडच्या टेबलावर काय घडतं ते मी रोज बघते. तेच इथे सांगते, भाच्याच्याच मेलच्या निमित्ताने.

आधी ताईच्या शंकेचं. वशिला म्हणजे नियम बाजूला ठेवून कोणीतरी आत घेणं. खासगी कंपनीतला रेफरल हा नियमातच लिहिलेला रस्ता आहे, आणि तो कंपनीने स्वतःच्या फायद्यासाठी ठेवलाय. हिशोब साधा आहे. कन्सल्टन्सीकडून माणूस घेतला की कंपनी तिला वर्षाच्या पगाराचा काही हिस्सा फी म्हणून देते. आपल्याकडे रूढ दर ८.३३ टक्के आहे, म्हणजे बरोबर एका महिन्याचा पगार. बारा लाखांच्या माणसामागे एक लाख गेले. तोच माणूस कर्मचाऱ्याने सुचवला तर त्या कर्मचाऱ्याला बोनस मिळतो, तो सहसा या रकमेपेक्षा बराच कमी असतो, आणि मिळतोही नवा माणूस रुजू होऊन काही महिने टिकल्यावर. शिवाय ज्याने सुचवलं त्याला उद्या त्याच ऑफिसात बसायचं असतं, त्यामुळे तो अगदीच कोणालाही पाठवत नाही. म्हणून रेफरलचा रेझ्युमे आम्ही आधी उघडतो. आधी उघडतो, एवढंच. आत घेतो असं नाही.

सरकारी नोकरी, सरकारी बँका, सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्या यांचं मात्र पूर्ण वेगळं आहे. तिथल्या जाहिरातींमध्ये, कोणत्याही प्रकारे दबाव किंवा शिफारस आणल्यास उमेदवार अपात्र ठरेल, असं वाक्य बहुतेकदा असतं. तिथे ताईचं म्हणणं शंभर टक्के खरं. हा लेख खासगी कंपन्यांपुरता आहे.

आता भाच्याचं काय चुकत होतं ते. त्याला वाटत होतं की मित्राचं नाव ही विनंतीला जोडायची भिडेची गोष्ट आहे, म्हणून ते शेवटी, जरा लाजत. पण रिक्रूटरसाठी ते नाव म्हणजे तपासून बघायची माहिती असते. मेलमध्ये "मला अमुक यांनी रेफर केलंय" असं वाचलं की मी पुढचं काहीही वाचायच्या आधी दुसरी खिडकी उघडते. बहुतेक मोठ्या कंपन्यांत अर्ज सांभाळणारी एक सिस्टिम असते. कुठे वर्कडे, कुठे ग्रीनहाउस, कुठे सक्सेसफॅक्टर्स. तिच्यात मी मेल पाठवणाऱ्याचा ईमेल पत्ता टाकून शोधते. उमेदवाराचं पान उघडलं की त्यावर एक रकाना असतो, हा अर्ज आला कुठून ते सांगणारा. तिथे रेफरल लिहिलेलं असेल आणि शेजारी मेलमधलंच नाव असेल तर झालं काम. तिथे कंपनीची वेबसाइट किंवा एखाद्या कन्सल्टन्सीचं नाव असेल तर मेलमधलं वाक्य आणि सिस्टिम यांचा मेळ बसत नाही. आणि पानच सापडलं नाही, तर तो मेल माझ्यासाठी ओळख सांगत आलेल्या एका अनोळखी माणसाचा मेल होतो. असे दिवसाला बरेच येतात.

म्हणून मी भाच्याला लिहिलं, पाठवू नकोस, आधी दोन गोष्टी शोध.

पहिली: मित्राने नक्की काय केलंय? भाचा म्हणाला, "केलंय रेफर, बोललाय तो." मी म्हटलं, त्यालाच विचार, पोर्टलवर टाकलंय का? दहा मिनिटांनी उत्तर आलं. मित्राने रेझ्युमे आपल्या मॅनेजरला चॅटवर पाठवला होता. मॅनेजरने अंगठा दाखवला होता. बस.

याला कंपनीच्या भाषेत रेफरल म्हणत नाहीत. रेफरल तेव्हा होतो जेव्हा कर्मचारी स्वतःच्या लॉगिनमधून कंपनीच्या आतल्या जॉब पानावर जातो, ती नेमकी जागा उघडतो, रेफर करायचं बटण दाबतो आणि फॉर्म भरतो. फॉर्ममध्ये तुमचं नाव, ईमेल, मोबाइल, रेझ्युमे, आणि बहुतेक ठिकाणी "या व्यक्तीला कसं ओळखता, किती वर्षं ओळखता" हा प्रश्न असतो. काही सिस्टिम एवढ्यावर थांबतात. काही पुढे उमेदवाराला एक लिंक पाठवतात, आणि त्या लिंकवरून तुम्ही स्वतः अर्ज पूर्ण करेपर्यंत रेफरल अर्धवटच राहतो. ही लिंक स्पॅममध्ये किंवा जीमेलच्या प्रमोशन्समध्ये जाऊन पडणं फार नेहमीचं आहे. मित्र म्हणतो मी केलं, तुम्ही म्हणता त्याने केलं, आणि सिस्टिममध्ये काहीच नसतं. त्यातून लिंकची वाट न बघता कोणी उत्साहाने वेबसाइटवरून सरळ अर्ज ठोकला, तर अर्ज कुठून आला या रकान्यात वेबसाइट बसते. ती नंतर बदलता येते का, हे त्या त्या कंपनीवर. अनेक ठिकाणी नाहीच येत. क्रम लक्षात ठेवायचा: आधी रेफरल, मग तुमचा अर्ज, मग रिक्रूटरला मेल.

मित्र भला होता, त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्म भरला. तरीही लिंक येईना. दुपारी कळलं की भाच्याचे ईमेल पत्ते दोन. एक कॉलेजातला, टोपणनाव आणि जन्मसाल घातलेला, आणि एक अलीकडचा, सभ्य. मित्राकडे जुना रेझ्युमे होता, म्हणून त्याने जुना पत्ता टाकला, आणि भाचा तो मेलबॉक्स महिनोनमहिने उघडत नाही. लिंक तिथे पडून होती. समजा ती मिळाली असती आणि भाच्याने रिक्रूटरला मेल मात्र नव्या पत्त्यावरून केला असता, तर काय झालं असतं? मी नवा पत्ता शोधला असता, पान सापडलं नसतं. सगळं खरं असूनही वाक्य खोटं दिसलं असतं. जो पत्ता रेफरलमध्ये, तोच रेझ्युमेवर, आणि त्याच पत्त्यावरून मेल. फोन नंबरचंही तसंच.

दुसरी गोष्ट शोधायला सांगितली ती जास्त लोकांना माहीत नसते. मी म्हटलं, तुझ्या दोन्ही मेलबॉक्समध्ये या कंपनीचं नाव टाकून सर्च कर. पाच आठवड्यांपूर्वीचा एक मेल निघाला, एका कन्सल्टन्सीचा. "या कंपनीतील पदासाठी आपला रेझ्युमे पाठवण्यास संमती असल्यास कृपया होकार कळवा." खाली भाच्याचं उत्तर: "येस."

"अगं, असे रोज येतात, मी येस म्हणून टाकतो," तो म्हणाला.

त्या एका 'येस'ची किंमत वरच्या हिशोबात आहे. कन्सल्टन्सीने रेझ्युमे आधी जमा केला असेल तर तुम्ही काही काळ तिचे उमेदवार ठरता. सहा महिने हा काळ बऱ्याच करारांमध्ये दिसतो, काही ठिकाणी कमी. कुठे हा नियम फक्त त्याच जागेला लागू असतो, कुठे संपूर्ण कंपनीला. या काळात तुमची निवड झाली तर फी कन्सल्टन्सीची, मित्राला बोनस नाही, आणि तुमच्या मेलमधलं "रेफरल" हे शब्द म्हणून खरं असलं तरी सिस्टिमच्या लेखी नाही. रिक्रूटरला अशा वेळी पैशांचा वाद दिसायला लागतो. मागे एकाच उमेदवारावर दोघांनी दावा सांगितला म्हणून त्या चांगल्या मुलीची फाइल आम्ही तीन आठवडे नुसती इकडून तिकडे फिरवली होती, आणि तोवर ती जागा भरली. तिची चूक काहीच नव्हती, तिनेही कधीतरी असाच 'येस' म्हटला होता.

असं झालंय का हे कळतं कसं? बऱ्याच सिस्टिम मित्राने फॉर्म भरतानाच सांगतात: हा उमेदवार आमच्याकडे आधीच आहे. तशी सूचना आली तर मित्राने तिथेच एचआरला विचारावं. भाच्याच्या वेळी ती आली नाही. म्हणजे कन्सल्टन्सीने होकार घेऊन ठेवला होता, पण रेझ्युमे पुढे पाठवलाच नव्हता. हेही नेहमीचंच, पन्नास होकार जमवायचे आणि दहा पाठवायचे. तरी मी त्याला कन्सल्टन्सीला दोन ओळी लिहायला लावल्या, की या कंपनीत मी थेट कर्मचाऱ्यामार्फत अर्ज करत आहे, माझा रेझ्युमे तिथे पाठवू नये. आधीचा होकार मागे घेतल्याची ही लेखी खूण राहते.

आता मेलकडे. पण वाक्य लिहायच्या आधी ते वाक्य कोणतं, हे ठरवायला हवं. "रेफर केलंय" हा शब्द लोक तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि तिथेच घोळ होतो.

एक, माणसाने तुमचं नाव पोर्टलवर टाकलंय. इथे, आणि इथेच, "यांनी मला या पदासाठी रेफर केलं आहे" हे वाक्य बरोबर.

दोन, त्याने पोर्टलवर काही केलं नाही, पण "तू तिला मेल कर, माझं नाव सांग" असं म्हणालाय. इथे वाक्य असं: "यांनी मला आपल्याशी संपर्क करायला सुचवलं." रेफरल हा शब्द नको. मी हे वाचून सिस्टिम धुंडाळत बसत नाही, सरळ त्या माणसाला विचारते. काही वेळा मीच त्याला म्हणते, अरे मग पोर्टलवर टाक ना.

तीन, तुम्ही फक्त त्याच्याशी बोललात. कामाबद्दल, टीमबद्दल विचारलंत, त्याने नीट माहिती दिली. तो तुमची शिफारस करायला तयार आहे असं तो म्हणाला नाही. इथे "आपल्या टेस्टिंग टीममधील अमुक यांच्याशी बोलताना या कामाबद्दल कळलं" इतकंच. तेही त्याला विचारून.

तिसऱ्याचं पहिलं करून लिहिलेले मेल मला सगळ्यात जास्त दिसतात. मागच्या वर्षी एकाने आमच्या एका इंजिनीअरचं नाव अगदी पहिल्या ओळीत घातलं होतं, "यांच्या शिफारशीवरून" म्हणून. पान सापडलं नाही. मी त्या इंजिनीअरला चॅटवर विचारलं, ओळखतोस का याला? त्याचं उत्तर, "कोण?" मग पाच मिनिटांनी, "हां, लिंक्डइनवर ॲड केलं होतं बहुतेक." मुलगा कामाला बरा असेलही. पण त्या दिवशी माझ्यापुढे त्याच जागेसाठी चाळीस रेझ्युमे होते, आणि मला चाळीसाचे वीस करायचे होते.

हा चॅटवरचा प्रश्न आम्ही जवळजवळ नेहमी विचारतो, पान सापडलं तरी. "कसा आहे रे? सोबत काम केलंयस?" तुमच्या मेलपेक्षा त्याच्या उत्तराला जास्त वजन असतं. म्हणून ज्याचं नाव लिहिताय त्याला मेल पाठवायच्या आधी सांगायचं: आज मी अमक्या रिक्रूटरला लिहितोय, तुझं नाव घालतोय, आपण कुठे सोबत काम केलं ते असं असं लिहिलंय. म्हणजे तुमच्या मेलमधले, समजा, चौदा महिने त्याच्या उत्तरात "दोनेक वर्षं" होत नाहीत. आणि तो नाही म्हणाला तर नाव घालायचं नाही. कुठल्या मॅनेजरशी त्याचं फाटलंय, किंवा त्याने स्वतःच राजीनामा टाकलाय, हे तुम्हाला बाहेरून दिसत नसतं.

सख्खं किंवा जवळचं नातं असेल तर ते लपवायचं नाही. रेफरलच्या फॉर्ममध्ये नात्याचा रकाना असतो, आणि पुढे रुजू होताना "आपले नातेवाईक इथे काम करतात का" हेही बऱ्याच कंपन्या लिहून घेतात. "माझे मावसभाऊ" हे पहिल्या मेलमध्ये लिहिल्याने काही बिघडत नाही. नंतर कळलं तर मात्र लपवलं का, हा प्रश्न उभा राहतो.

भाच्याचा मेल शेवटी कसा झाला तो खाली देते. प्रत्यक्षात तो इंग्रजीत गेला, आपल्याकडे असे मेल इंग्रजीतच जातात. इथे मराठीत लिहिलाय म्हणजे वाक्यांचा क्रम दिसेल. जॉब आयडी आणि नावं बदलली आहेत.

विषय: सीनियर टेस्ट इंजिनीअर, पुणे (R-10482) – अमुक यांचा रेफरल

"नमस्कार मॅडम,

आपल्या पेमेंट्स टीममधील श्री. अमुक (खराडी ऑफिस) यांनी मला वरील पदासाठी १२ तारखेला आपल्या पोर्टलवर रेफर केलं आहे, आणि मी त्यांच्या लिंकवरून याच ईमेल पत्त्याने अर्ज पूर्ण केला आहे. आधीच्या कंपनीत एका बँकिंग प्रोजेक्टवर आम्ही चौदा महिने एकाच टीममध्ये होतो. ते डेव्हलपर होते आणि त्यांच्या मॉड्यूलचं टेस्टिंग माझ्याकडे होतं.

मला टेस्टिंगचा चार वर्षांचा अनुभव आहे. सध्या सेलेनियम आणि जावा वापरून रिग्रेशन चाचण्या लिहितो आणि सांभाळतो. आपल्या जाहिरातीतील एपीआय टेस्टिंगचं काम मी गेलं एक वर्ष करत आहे.

नोटीस पीरियड ६० दिवस, सध्या पुण्यातच राहतो. रेझ्युमे जोडला आहे. फोनवर बोलायचं असल्यास संध्याकाळी सहानंतर मोकळा असतो."

खाली नाव आणि नंबर. एवढंच. मोबाइलवर फार स्क्रोल न करता सगळं दिसतं, आणि मी बहुतेक मेल पहिल्यांदा मोबाइलवरच वाचते, कॅबमध्ये.

यातली काही वाक्यं मुद्दाम तशी आहेत. विषयाच्या ओळीत आधी पद आणि आयडी, मग नाव. कारण एका रिक्रूटरकडे एका वेळी पंधरा-वीस जागा असतात, तिला आधी कुठली जागा ते कळायला हवं. पहिल्या वाक्यात नावाबरोबर टीम आणि ऑफिस आहे. पुण्यातल्या मोठ्या कंपनीत नुसतं "अमित जोशी" लिहिणं म्हणजे शनिवार पेठेत उभं राहून "अहो काका" अशी हाक मारण्यासारखं. मी डिरेक्टरीत शोधते तेव्हा पाच-सहा निघतात. काही कंपन्यांत एम्प्लॉयी नंबर मागतात. तो मित्राने स्वतःहून दिला तरच लिहायचा.

तारीख आणि "याच ईमेल पत्त्याने" हे शब्द माझी तपासणी अर्ध्या मिनिटावर आणतात. भाच्याला ते वाक्य फार रूक्ष वाटत होतं. "असं वाटतंय की पोलिसात जबाब देतोय." असेना. रिक्रूटरला हवं ते नेमकं त्यातच आहे.

आणि ओळखीचं वाक्य. "ते मला चांगले ओळखतात" यातून काहीच कळत नाही. "त्यांच्या मॉड्यूलचं टेस्टिंग माझ्याकडे होतं" यातून कळतं की रेफर करणारा तुमचं काम स्वतः बघून बोलतोय. मित्र कॉलेजातला असेल, कधी सोबत काम केलेलं नसेल, तर तेही खरं लिहावं: "आम्ही इंजिनीअरिंगला एका वर्गात होतो." त्याचं वजन कमी असतं, पण ते खरं असतं आणि चॅटवर विचारल्यावर तसंच निघतं.

नाव आलं, ओळख आली, की त्या माणसाला मेलमधून बाजूला करायचं. त्यानंतरचा सगळा मेल तुमच्या कामाबद्दल. काही जण तीन वेळा नाव घेतात. मग वाटायला लागतं की बाकी सांगण्यासारखं काही नाहीये. बोनसचा उल्लेख तर चुकूनही नको, मी तो एका मेलमध्ये वाचलाय: "त्यांनाही फायदा होईल."

मित्राला सीसीत ठेवू का, असं भाच्याने विचारलं. मी म्हटलं, त्याला विचार. बहुतेकांना नको असतं, कारण मग उत्तर-प्रत्युत्तराच्या प्रत्येक मेलमध्ये त्यांना बसावं लागतं. त्यापेक्षा त्याने स्वतः रिक्रूटरला आतून दोन ओळी टाकल्या तर उत्तम. तसं त्याने केलं आणि मेलमध्ये तुम्हालाही जोडलं, तर वेगळा नवा मेल लिहायचा नाही, त्याच साखळीत उत्तर द्यायचं.

एक गोष्ट राहिली. समोरची रिक्रूटर कंपनीचीच आहे ना, हे बघायचं. ईमेलच्या शेवटचा भाग कंपनीचा आहे की कन्सल्टन्सीचा? कन्सल्टन्सीच्या माणसाला "मला आतून रेफर केलंय" असं सांगण्यात अर्थ नाही. त्याला तो रेफरल वापरता येत नाही, उलट त्याने घाईघाईत तुमचा रेझ्युमे आपल्या नावाने पुढे पाठवला तर वर सांगितलेला दुहेरी दावा तयार होतो. त्याला फक्त एवढंच: या कंपनीत माझा अर्ज आधीच गेलेला आहे. याउलट काही रिक्रूटर दुसऱ्या संस्थेच्या पगारावर असतात पण कंपनीसाठीच, कंपनीच्याच ईमेलवरून काम करतात. त्यांना सिस्टिम दिसते. त्यांना वरचा मेल तसाच चालतो.

आणि टेलिग्रामवर पैसे घेऊन रेफरल देणारे जे असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. असं विकणं कंपनीच्या नियमात बसत नाही, आणि चॅटवर "कसा आहे रे?" विचारल्यावर तो विक्रेता काय सांगणार?

भाच्याने मेल गुरुवारी सकाळी पाठवला. सोमवारपर्यंत काही नाही, मंगळवारी तो अस्वस्थ. मी म्हटलं, पाच-सहा कामाचे दिवस जाऊ देत, आणि मग मित्राला त्याच्या पोर्टलवर बघायला सांग. रेफर करणाऱ्याला तिथे सहसा स्थिती दिसते: अजून पाहिलेला नाही, पाहणी चालू आहे, किंवा नाकारला. न पाहिलेला असेल तर रिक्रूटरला त्याच मेलखाली एक ओळ टाकायची. नाकारलेला असेल तर आठवण करून देऊन उपयोग नाही. पुढच्या शुक्रवारी "पाहणी चालू" दिसलं, आणि त्याच संध्याकाळी फोन आला.

पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत एपीआय टेस्टिंगवर बरेच प्रश्न आले आणि तो अडकला. त्याने वर्षभर ते काम केलं होतं, पण दुसऱ्याने बांधलेल्या चौकटीत. स्वतः ती उभी करायला सांगितल्यावर जमली नाही. मुलाखत घेणाऱ्या दोघांपैकी कोणालाच रेफरलशी घेणंदेणं नव्हतं. एकाला तर ठाऊकच नव्हतं. चार दिवसांनी नकाराचा मेल आला.

ताई पुन्हा फोनवर. "बघ, नाव लावून काय झालं?" मी म्हटलं, रेझ्युमे उघडला गेला ना.

भाच्याला मात्र मी एक काम सांगितलं, आणि ते त्याने कुरकुरत केलं. मित्राला पोर्टलवर "नाकारला" दिसायच्या आत स्वतः फोन करायचा, कुठल्या प्रश्नाला अडकलो ते सांगायचं. मित्राने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, ती चौकट मी तुला दाखवतो, रविवारी ये घरी. त्यांच्याकडे नाकारल्यावर त्याच पदासाठी पुन्हा अर्ज करायला सहा महिने थांबावं लागतं. भाच्याने कॅलेंडरवर तारीख टाकून ठेवलीय, आणि कॉलेजातला तो ईमेल पत्ता बंद केलाय.